ऑफर लेटरवर सही करण्याआधी: प्रोबेशन, नोटीस, बोनस आणि बाँड कसे वाचायचे

ऑफर लेटरमधल्या अटी नोकरी सुरळीत चालू असते तोवर कुणाला आठवत नाहीत. त्या समोर येतात राजीनामा देताना, आणि तेव्हा सही होऊन वर्ष उलटलेलं असतं. मी पगारपत्रकांच्या आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, कामात असल्यामुळे हे कागद मला नेहमी त्या शेवटच्या टोकाकडून दिसतात. म्हणून पहिली नोकरी धरणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. पत्र हातात आलं की एक तारीख मनात धरा, त्या दिवशी नोकरी सोडली असं समजा, आणि प्रत्येक कलम त्या दिवशी तुमच्या खिशातून किती काढतं ते कागदावर मांडा. हे गणित अर्ध्या तासात होतं.

इथे आपण एक नमुना घेऊ. पुण्यातली मध्यम आकाराची आयटी कंपनी, नुकतीच इंजिनीअर झालेली मुलगी, वार्षिक पॅकेज साडेचार लाख, रुजू होण्याची तारीख १ जुलै २०२६. प्रोबेशन सहा महिने, नोटीस ६० दिवस, जॉइनिंग बोनस ५०,००० रुपये आणि दोन वर्षांचा दीड लाखाचा बाँड, म्हणजे दोन वर्षांच्या आत सोडल्यास दीड लाख भरण्याचा करार. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण अशी पत्रं रोज निघतात.

आधी हातात किती येणार ते काढा

पुढच्या सगळ्या अटी पगाराच्या कुठल्या ना कुठल्या आकड्यावर चालतात, त्यामुळे सुरुवात पत्राच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यापासून करा. त्याला बहुतेक ठिकाणी अ‍ॅनेक्शर म्हणतात. साडेचार लाखाला बाराने भागून ३७,५०० हा आकडा घरी सांगायची घाई करू नका.

आपल्या नमुन्यात बेसिक वर्षाला २,२५,००० आहे, म्हणजे महिन्याला १८,७५०. घरभाडे भत्ता ९,०००. स्पेशल अलाउन्स आणि दरमहा मिळणारा स्टॅच्युटरी बोनस मिळून २,८००. हे झाले महिन्याचे ३०,५५० रुपये ग्रॉस. उरलेले पैसे कुठे गेले? कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १०,८००, आरोग्य विम्याचा हप्ता ६,००० आणि व्हेरिएबल पे ४५,०००. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं असतं, पण महिन्याच्या पगारात येत नाही. ३०,५५० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केला की बँकेत २८,५५० जमा होतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो. हा कर महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० च्या वर पगार असेल तरच लागतो. आपल्या मुलीचा ग्रॉस त्याहून जास्त आहे, म्हणून तो धरला.

बेसिक आणि ग्रॉस हे दोन आकडे, १८,७५० आणि ३०,५५०, बाजूला लिहून ठेवा. नोटीसच्या वेळी त्यांचं काम आहे.

प्रोबेशन: सहा महिने संपले म्हणजे तुम्ही कायम झालात असं नाही

या कलमात मुदतीपेक्षा शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बहुतेक पत्रांत लिहिलेलं असतं की कंपनी लेखी कळवेपर्यंत प्रोबेशन चालूच समजलं जाईल. म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ ला सहा महिने भरले आणि कुणी काही बोललं नाही, तर आपल्या नमुन्यातली मुलगी कायम झालेली नाही. फक्त काम चालू राहिलं म्हणून आपोआप कायम झालो असं धरून चालता येत नाही. प्रोबेशन जास्तीत जास्त किती वाढवता येईल याची मर्यादा पत्रात किंवा सेवा नियमांत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून ती मर्यादा आहे का ते शोधा. नसेल तर एचआरला विचारा.

याचा फरक कशात पडतो? पुष्कळ कंपन्यांत प्रोबेशनमध्ये नोटीस कमी दिवसांची असते आणि कायम झाल्यावर ती दोन किंवा तीन महिन्यांची होते. रजा, पगारवाढ, अंतर्गत बदली याही गोष्टी कन्फर्मेशनला बांधलेल्या असतात. दुसरी बाजूही बघा. प्रोबेशनमध्ये कंपनी तुम्हाला किती दिवसांत काढू शकते आणि तुम्ही किती दिवसांत सोडू शकता हे दोन आकडे सारखे आहेत का? कंपनीला सात दिवस आणि कर्मचाऱ्याला साठ, असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. एवढं एकतर्फी असेल तर विचारायला अजिबात संकोच करू नका.

करायचं काम सोपं आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रोबेशन संपण्याच्या पंधरा दिवस आधीची नोंद टाका. त्या दिवशी मॅनेजर आणि एचआर दोघांना ईमेल करा की माझं कन्फर्मेशन अमुक तारखेला आहे, त्याचं पत्र कधी मिळेल. उत्तर काहीही येवो, ते लेखी आलेलं असलं पाहिजे.

फ्रेशरसाठी आणखी एक अट याच भागात दडलेली असते. अंतिम वर्षाचा निकाल, ठरावीक टक्के, बॅकलॉग नको, मार्कशीट अमुक तारखेपर्यंत जमा. विद्यापीठाचा निकाल लांबला तर ऑफर टिकते का, हे आधीच ईमेलवर विचारून घ्या.

नोटीस: दिवस किती, आणि पैसे कशावर

'नोटीस ६० दिवस किंवा त्याऐवजी पगार' एवढं वाचून लोक पुढे जातात. इथे तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, पैसे भरून लवकर निघण्याचा हक्क कुणाचा? 'ॲट द सोल डिस्क्रीशन ऑफ द कंपनी' असे शब्द असतील तर तुम्ही पैसे द्यायला तयार असूनही कंपनी म्हणू शकते की पूर्ण दिवस काम करा. 'आयदर पार्टी' असे शब्द असतील तर तो पर्याय दोघांनाही आहे. नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख देताना हाच फरक आडवा येतो.

दुसरा प्रश्न, कमी पडलेल्या दिवसांची वसुली बेसिकवर की ग्रॉसवर? आपल्या नमुन्यात तीस दिवस कमी पडले तर बेसिकवर १८,७५० होतात आणि ग्रॉसवर ३०,५५०. पत्रात नुसतंच 'सॅलरी' लिहिलं असेल तर फुल अँड फायनल करणारा माणूस बहुधा मोठा आकडा धरतो. आणि कंपनीनेच तुम्हाला ताबडतोब जायला सांगितलं तर ती तुम्हाला कोणत्या आकड्यावर पैसे देणार? दोन्हीकडे एकच माप असायला हवं.

तिसरा प्रश्न, शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करता येते का? अनेक कंपन्यांत ते धोरणावर सोडलेलं असतं.

राजीनामा दिल्यावर कामावर जाणंच बंद करण्याचा सल्ला मित्रमंडळींकडून हमखास मिळतो. तसं करू नका. अशा माणसाची नोंद 'अ‍ॅबस्कॉन्डिंग' अशी होते, रिलिव्हिंग लेटर अडकतं आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते नेमकं वर येतं. नोकरी सोडणं हा गुन्हा नाही, ती पोलिसांत जायची बाबही नाही. तुमच्याकडून जबरदस्तीने काम करून घ्या असा आदेशही न्यायालय देत नाही. वाद होतो तो पैशांचा आणि कागदांचा. त्यात तुमचा लेखी राजीनामा, शेवटच्या दिवसाची तारीख आणि काम सोपवल्याचा ईमेल यांनाच वजन असतं.

केलेल्या कामाचा पगार मात्र तुमचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. पत्रात अजून 'फुल अँड फायनल ४५ दिवसांत' असं छापलेलं दिसलं तर ही तरतूद सौम्य शब्दांत लक्षात आणून द्या. पीएफच्या नोंदीत कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर ती ईपीएफओच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतःलाही टाकता येते.

बोनस: एकाच शब्दाखाली तीन वेगळे पैसे

पहिला कायद्याने मिळणारा बोनस. वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याला तो किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के मिळतो. १९६५ च्या कायद्यात पात्रतेची वेतनमर्यादा महिना २१,००० होती. आता ती सरकारने अधिसूचनेने ठरवायची आहे. या मर्यादेसाठी बेसिक आणि महागाई भत्ता मोजतात, त्यामुळे साडेचार लाखाच्या पॅकेजवाल्या मुलीचंही १८,७५० चं बेसिक त्या २१,००० च्या आत बसतं. कंपन्या हा बोनस दरमहा थोडाथोडा पगारातच देतात आणि पॅकेजमध्ये धरतात. दिवाळीला तो वेगळा येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरा व्हेरिएबल पे. पत्रात ४५,००० लिहिलंय, पण सोबत 'अप टू' आहे का बघा. ते कंपनीच्या कामगिरीवर, टीमच्या आणि तुमच्या रेटिंगवर ठरतं. त्याहून महत्त्वाचं वाक्य असं असतं: पैसे वाटायच्या दिवशी जो नोकरीत आहे आणि नोटीसवर नाही, त्यालाच ते मिळतील. वर्ष संपतं ३१ मार्चला आणि वाटप होतं मे किंवा जूनमध्ये. त्यामुळे एप्रिलमध्ये राजीनामा देणाऱ्याचे वर्षभर कमावलेले पैसे जातात. राजीनामा देण्याआधी वाटपाचा महिना बघा, आणि शक्य असेल तर पैसे खात्यात आल्यावरच कागद द्या.

तिसरा जॉइनिंग बोनस. हा पहिल्या पगाराबरोबर मिळतो म्हणून बक्षीस वाटतो, पण बारा महिन्यांच्या आत सोडल्यास परत करायची अट जवळजवळ नेहमी असते. प्रश्न एवढाच की पूर्ण परत करायचा की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. अकराव्या महिन्यात सोडणाऱ्यासाठी तो फरक ५०,००० आणि सुमारे ४,२०० यांच्यातला आहे.

बाँड आणि बाकीची बंधनं

इथे भीतीही खूप असते आणि निष्काळजीपणाही. कायद्याचा गाभा दोन कलमांत आहे. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ सांगतं की कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल आहे. त्यामुळे 'नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाणार नाही' ही अट भारतात साधारणपणे टिकत नाही. पुण्यात एका आयटी कंपनीतून दुसरीत जाणाऱ्या फ्रेशरला या एका ओळीसाठी झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

नोकरी चालू असतानाची बंधनं मात्र टिकतात, आणि याचं गाजलेलं प्रकरण आपल्या कल्याणचं आहे. सेंच्युरी रेयॉनच्या कल्याणच्या कारखान्यात निरंजन शंकर गोलीकरी यांनी पाच वर्षांचा करार केला होता, टायर कॉर्डच्या तंत्राचं प्रशिक्षण घेतलं होतं, आणि मुदत संपण्याआधी ते कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या उरलेल्या काळापुरती त्यांच्यावरची मनाई कायम ठेवली. परत सेंच्युरीतच काम करा असं त्यांना सांगितलं गेलं नाही. यातून तुमच्यासाठी अर्थ असा की बाँडच्या मुदतीत स्पर्धकाकडे न जाण्याची अट सोडून गेल्यानंतरच्या बंदीपेक्षा बरीच वजनदार असते. दोन्ही अटी शेजारीशेजारी छापलेल्या असतात, त्यामुळे कुठली कोणत्या काळाची आहे ते बोट ठेवून वाचा.

बाँडच्या रकमेचं काय? मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. नोकरी सोडणारा तो कर्मचारी व्यवस्थापक स्तरावरचा होता, आणि सार्वजनिक बँकेला खुली भरती पुन्हा करावी लागते, हा खर्च न्यायालयाने विचारात घेतला. हा निर्णय दाखवून कुठलीही खासगी कंपनी कुठलाही आकडा मागू शकते असं नाही. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा आहे आणि त्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. दोन आठवड्यांचं ओळख-प्रशिक्षण आपल्याच माणसांकडून देऊन दीड लाख मागणाऱ्या कंपनीला तो खर्च दाखवणं जड जातं. बाहेरचा महागडा कोर्स आणि सर्टिफिकेशन पैसे भरून करवलं असेल तर तिची बाजू भक्कम होते. म्हणून प्रशिक्षणाचे सगळे ईमेल, वेळापत्रक आणि सर्टिफिकेट जपून ठेवा.

बाँडमध्ये तारखेची एक खोच असते. दोन वर्षं रुजू झाल्यापासून की प्रशिक्षण संपल्यापासून? आपल्या नमुन्यात तीन महिन्यांचं प्रशिक्षण ३० सप्टेंबर २०२६ ला संपतं आणि मुदत १ ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणजे मोकळीक जुलै २०२८ ऐवजी ऑक्टोबर २०२८ मध्ये.

दुसरी खोच जामीनदाराची. ऑफर लेटरमध्ये बाँडचा नुसता उल्लेख असतो आणि खरा करार रुजू होण्याच्या दिवशी स्टॅम्प पेपरवर पुढे येतो, त्यात वडिलांची किंवा मामांची जामीनदार म्हणून सही मागतात. ती सही केली की तेवढ्या रकमेची जबाबदारी त्यांच्यावरही येते. त्यामुळे कराराचा मसुदा आधी ईमेलवर मागवा आणि घरी सगळ्यांसमोर वाचा. मूळ मार्कशीट किंवा पदवी प्रमाणपत्र ठेवून घेणाऱ्या कंपनीला ते देऊ नका; पडताळणीसाठी दाखवा आणि छायाप्रत द्या. सही केलेला कोरा चेक कोणत्याही कारणाने देऊ नका, कारण तो न वटल्यास फौजदारी तक्रारीचा वेगळाच रस्ता उघडतो.

गोपनीयता, कंपनीत लिहिलेला कोड कंपनीचा, नोकरी चालू असताना दुसरं काम नको, या अटी बहुतेक ठिकाणी असतात आणि त्या पाळाव्यात. कॉलेजपासूनचा तुमचा स्वतःचा एखादा प्रोजेक्ट असेल किंवा तुम्ही शिकवण्या घेत असाल, तर रुजू होण्याआधी लेखी कळवून परवानगी घ्या.

आता तारीख धरून हिशेब

समजा आपल्या मुलीने १ मार्च २०२७ ला राजीनामा दिला आणि ३० मार्च हा शेवटचा दिवस ठरला. ६० पैकी ३० दिवसांची नोटीस झाली, ३० दिवस कमी पडले. पत्रातले शब्द कंपनीच्या बाजूचे असतील तर नोटीसचे ३०,५५०, जॉइनिंग बोनसचे ५०,००० आणि बाँडचे १,५०,००० मिळून मागणी २,३०,५५० रुपयांची होते. शिवाय नऊ महिन्यांचं व्हेरिएबल, जास्तीत जास्त ३३,७५०, हाती येतच नाही.

आता त्याच पत्रात तीन ठिकाणी थोडे शब्द बदला. नोटीस बेसिकवर, जॉइनिंग बोनस उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, बाँडही उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. नोटीसचे १८,७५० होतात. बोनसचे बारातले तीन महिने उरलेत, म्हणून १२,५००. बाँडचे चोवीसातले अठरा उरलेत, म्हणून १,१२,५००. बेरीज १,४३,७५०. पॅकेज तेच, कंपनी तीच, आणि फरक ८६,८०० रुपयांचा, म्हणजे तिच्या तीन महिन्यांच्या हातातल्या पगाराहून जास्त.

विचारायचं कसं

सहीची मुदत संपायच्या किमान दोन दिवस आधी एचआरला एकच ईमेल करा. आधी आभार आणि रुजू होण्याची इच्छा, मग प्रश्न. नोटीसची वसुली कोणत्या घटकावर होते? जॉइनिंग बोनस आणि बाँडची रक्कम दरमहा कमी होत जाते का? बाँडची मुदत कोणत्या तारखेपासून? व्हेरिएबल कोणत्या महिन्यात वाटतात? बाँडच्या कराराचा मसुदा आणि पत्रात 'ॲज पर पॉलिसी' म्हणून उल्लेख असलेली धोरणं पाठवाल का? शेवटचा प्रश्न गाळू नका, कारण न वाचलेलं धोरणही त्या तीन शब्दांमुळे तुम्हाला लागू होतं.

कॅम्पसमधून शेकड्याने भरती करणारी मोठी कंपनी तुमच्यासाठी साचा बदलणार नाही. तिथे उत्तर लेखी मिळवणं हाच फायदा. पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत मात्र 'प्रमाणात' हा शब्द मागून मिळतो, असा माझा अनुभव आहे. फोनवर कुणी 'बाँड आम्ही कधी वापरत नाही हो' असं म्हणालं, तर तेच वाक्य त्यांना ईमेलवर लिहायला सांगा. लिहिलं नाही तर बाँड वापरला जाईल असं धरून हिशेब करा.

सही केलेल्या पत्राची, कराराची आणि अ‍ॅनेक्शरची प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवा. कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. नियुक्तिपत्र देणं आता कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नुसत्या ऑफर लेटरवर महिनोन्‌महिने काम करू नका.

आणि पुढे कधी बाँडच्या वसुलीची कायदेशीर नोटीस आलीच, तर घाबरून पैसे भरू नका आणि ती फाडूनही टाकू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, प्रशिक्षणाच्या खर्चाचा तपशील मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना नोटीस, करार आणि प्रशिक्षणाचे ईमेल छापून न्या.